रेटिंग प्लेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड

विजेच्या प्रत्येक उपकरणावर कुठेतरी एक छोटी पट्टी चिकटवलेली किंवा मजकूर कोरलेला असतो. हीच त्याची रेटिंग प्लेट. इस्त्रीवर ती मागच्या टोकाकडे किंवा हँडलखाली सापडते, मिक्सरवर बुडाशी, वॉशिंग मशीनवर पाठीमागे किंवा दाराच्या आतल्या कडेला. विजेच्या किटलीत ती बहुधा तळाशी असते. किटली रिकामी व थंड करून उलटी केली की अशा ओळी दिसतात:

```
220-240V~  50Hz
1260-1500W
```

एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायला दुकानात जाण्यापूर्वी ज्या ज्या वस्तू त्यावर लागणार आहेत, त्या सगळ्यांच्या अशा ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात. बोर्डाला किती सॉकेट आहेत, दोरी किती लांब आहे, बटणावर दिवा आहे का, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे. बोर्ड सुरक्षित राहणार की तापून वितळणार, हे त्या ओळींतल्या आकड्यांवर ठरते.

पहिल्या ओळीतला आकडा व्होल्टचा. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो; प्रत्यक्षात तो दिवसभरात थोडा वर-खाली होतो. म्हणून उत्पादक एकच आकडा न देता २२० ते २४० असा पट्टा देतात. आकड्यापुढचे नागमोडी चिन्ह म्हणजे एसी, घराच्या सॉकेटमधून मिळतो तसा दिशा पालटणारा प्रवाह. ५० हर्ट्झ ही त्या पालटण्याची गती. परदेशातून आणलेल्या वस्तूवर ११० किंवा १२० व्होल्ट एवढेच लिहिलेले असेल, तर कितीही भारी बोर्ड घेतला तरी ती वस्तू इथे चालणार नाही. बोर्ड व्होल्ट बदलत नाही, तो फक्त वीज पुढे पोचवतो.

दुसऱ्या ओळीत वॉट आहेत. वॉट म्हणजे वस्तू दर सेकंदाला किती ऊर्जा खाते त्याचे माप. किटलीवर १२६० ते १५०० असे दोन आकडे आहेत, त्यामागे साधे कारण आहे. किटलीतली तापणारी तार तीच राहते, तिचा रोध बदलत नाही. व्होल्ट वाढले की तिच्यातून प्रवाहही वाढतो, आणि वॉट म्हणजे या दोघांचा गुणाकार. त्यामुळे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वॉट बदलतात. २४० व्होल्टला १५०० वॉट खाणारी किटली २२० व्होल्टला १२६० वॉटच खाते. प्लेटवर असे दोन आकडे दिसले की हिशेबाला नेहमी मोठा घ्यावा.

बोर्डाच्या दृष्टीने मात्र खरा आकडा अँपिअरचा, म्हणजे तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा. तार, सॉकेटमधली पितळी पट्टी, प्लगची पिन यांना ऊब येते ती प्रवाहामुळे. किटलीसारख्या अनेक वस्तूंच्या प्लेटवर अँपिअर छापलेलेच नसतात, पण ते काढणे सोपे आहे: वॉटना व्होल्टने भागायचे. २३० ने भागावे, म्हणजे पुरवठा आणि छपाई या दोन्हींतला थोडाफार फरक हिशेबात बसून जातो. १५०० भागिले २३० म्हणजे सुमारे ६.५ अँपिअर. कागद-पेन्सिल नसेल तर एवढे लक्षात ठेवले तरी पुरते: दर हजार वॉटना साधारण ४.३५ अँपिअर. हजार वॉटची इस्त्री ४.३५ अँपिअर घेते, ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीनच्या आसपास, २००० वॉटची इंडक्शन शेगडी ८.७.

प्लेटवर वॉट आणि अँपिअर दोन्ही दिलेले असतील तर अँपिअरचा आकडा घ्यावा. मोटर असलेल्या किंवा आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या वस्तू वॉटवरून निघतो त्याहून काहीसा जास्त प्रवाह ओढतात. त्यांच्याकडे येणारा प्रवाह आणि व्होल्ट एका तालात वरखाली होत नाहीत, म्हणून निव्वळ भागाकार थोडा कमी आकडा देतो. उत्पादकाने स्वतः अँपिअर छापले असतील तर त्यात हा फरक धरलेला असतो.

वाचताना चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिले ठिकाण लॅपटॉपच्या चार्जरवर:

```
INPUT:  100-240V~ 1.5A 50-60Hz
OUTPUT: 19.5V 3.33A
```

यातली दुसरी ओळ लॅपटॉपकडे जाणाऱ्या विजेची आहे. तिच्यातले ३.३३ अँपिअर पाहून चार्जर मोठा वाटतो. पण तो प्रवाह १९.५ व्होल्टचा, म्हणजे एकूण ६५ वॉट. बोर्डाशी संबंध फक्त पहिल्या, इनपुटच्या ओळीचा. तिथले १.५ अँपिअरही १०० व्होल्टच्या पुरवठ्यावरचे आहेत, कारण प्लेटवर सगळ्यांत वाईट स्थितीचा आकडा छापतात. २३० व्होल्टला तोच चार्जर त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतो. तरी हिशेबात १.५ धरला तर बिघडत नाही. अशा छोट्या वस्तूंनी बोर्ड सहसा जळत नाहीत.

दुसरे ठिकाण मायक्रोवेव्ह ओव्हनचे. खोक्यावर आणि जाहिरातीत ८०० वॉट लिहिलेले असते, पण ती अन्नाला मिळणारी शक्ती. सॉकेटमधून ओव्हन त्याहून बरेच जास्त, १२०० वॉट किंवा त्याच्या आगेमागे ओढतो, आणि हा आकडा मागच्या प्लेटवर इनपुट म्हणून वेगळा दिलेला असतो. पाण्याच्या पंपाची गोष्टही तशीच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी. मोटर सॉकेटमधून जास्तच घेते. वस्तू देते किती आणि घेते किती, यांतला ‘घेते’ हाच आकडा बोर्डासाठी वापरायचा.

आता खुद्द बोर्डाकडे. त्यालाही रेटिंग असते. ते पाठीवर छापलेले किंवा प्लास्टिकमध्ये उमटवलेले असते, आणि खोक्यावरच्या रंगीत मजकुरापेक्षा तेच विश्वासाने वाचावे. भारतात घरगुती प्लगचे प्रचलित आकार दोन: ६ अँपिअरचा छोटा आणि १६ अँपिअरचा मोठा. जुन्या बोलीत त्यांना अजूनही ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ म्हणतात, कारण पूर्वी त्यांचे मानांकन ५ आणि १५ अँपिअर होते. बोर्डाच्या दोरीच्या टोकाला छोटा प्लग असेल, तर बोर्डावर चार सॉकेट असोत वा आठ, सगळ्यांना मिळून ६ अँपिअरच मिळणार. सॉकेट वाढल्याने क्षमता वाढत नाही. आठ सॉकेटचा ६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे एकाच अरुंद नळाला जोडलेल्या आठ तोट्या.

काही बोर्डांवर १० अँपिअर, २५० व्होल्ट, २५०० वॉट असे लिहिलेले असते. इथे वॉटच्या आकड्याने फसू नये. तो २५० व्होल्ट धरून काढलेला आहे. आपल्या घरात २३० व्होल्ट आहेत, आणि १० अँपिअरची मर्यादा तीच राहते. म्हणून त्या बोर्डावर २३०० वॉटच चालवता येतील. मर्यादा अँपिअरची असते, वॉट हा त्यावरून काढलेला आकडा. याच न्यायाने ६ अँपिअरचा बोर्ड १३८० वॉटपर्यंत जातो आणि १६ अँपिअरचा ३६८० वॉटपर्यंत. किटलीचे १५०० वॉट पहिल्याच बोर्डाच्या बाहेर गेले, तेही एकट्या किटलीचे.

बोर्डाचे पुढचे अंग म्हणजे त्याची दोरी. तिच्या आवरणावर बारीक अक्षरांत तांब्याच्या तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये छापलेली असते. विजेच्या दुकानात तिला ‘पाऊणची’, ‘एकची’, ‘दीडची’ म्हणतात. ६ अँपिअरच्या बोर्डाला पाऊणची, म्हणजे ०.७५ चौरस मिमीची दोरी पुरते. १६ अँपिअरच्या बोर्डाला दीडच्या खाली जाऊ नये. हा फरक का पडतो हे एका हिशेबात दिसते. पाऊणच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२६ ओहम असतो. बोर्डाची दोरी तीन मीटर असेल तर प्रवाहाला जाऊन परत यायला सहा मीटर तार लागते, म्हणजे रोध सुमारे ०.१६ ओहम. किटलीच्या ६.५ अँपिअरला त्या दोरीत साडेसहा वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. दोरी मोकळी पसरलेली असेल तर एवढी ऊब हवेत निघून जाते. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्याच दोरीतून १३ अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट न होता चौपट, २६ वॉटच्या पुढे जाते. दोरी गुंडाळून टेबलामागे कोंबलेली असेल किंवा सतरंजीखाली असेल, तर ही सगळी ऊब एका गठ्ठ्यात साठते आणि पीव्हीसीचे आवरण मऊ पडू लागते. म्हणून रीळवाली लांब दोरी वापरायची झाली तर ती पूर्ण उलगडावी, निदान जड वस्तू चालवताना तरी.

दोरीत तीन तारा आहेत ना, हेही तिथेच पाहून घ्यावे. स्वस्त बोर्डांत कधी कधी तीन पिनांच्या प्लगमागे दोनच तारा असतात. प्लग तीन पिनांचा दिसतो, पण अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नसते. इस्त्री, किटली, फ्रिज अशा धातूच्या अंगाच्या वस्तूंना अर्थिंग लागतेच. रेटिंग प्लेटवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्या वस्तूला दुहेरी आवरण आहे आणि तिला अर्थिंगची गरज नाही. मोबाइलच्या चार्जरवर ते चिन्ह नेहमी दिसते. ज्या प्लेटवर ते नाही आणि प्लग तीन पिनांचा आहे, ती वस्तू दोन तारांच्या बोर्डावर लावू नये. दोरीवर आयएसआयचे चिन्ह आयएस ६९४ या क्रमांकासह, आणि प्लग-सॉकेटवर आयएस १२९३ या क्रमांकासह असावे.

इथपर्यंत बोर्ड झाला. पण बोर्ड ज्या भिंतीतल्या पॉइंटला लागतो, तो पॉइंट आणि त्यामागचा एमसीबी याच साखळीत येतात, आणि इथेच एक घातक गैरसमज आहे. जास्त भार पडला तर एमसीबी पडेलच, अशी घरोघरी समजूत असते. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगचे रक्षण करतो. तो बोर्डाच्या दोरीचा विचार करून बसवलेला नसतो. आज बहुतेक नव्या घरांत छोटा आणि मोठा, दोन्ही प्लग बसतील असे एकत्र सॉकेट असते आणि त्यामागे १६ अँपिअरचा एमसीबी. अशा सॉकेटला ६ अँपिअरचा बोर्ड लावून त्यावर १३ अँपिअरचा भार टाकला, तर एमसीबीच्या हिशेबी सारे ठीक आहे. तो तासभरच काय, दिवसभरही पडणार नाही. तेवढ्या वेळात बोर्डाचा प्लग वितळलेला असेल. एमसीबी आपल्या मानांकनाच्याही किंचित वर गेल्यावर लगेच पडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर तासभर वाहू देतो, तसे त्याचे मानकच सांगते. म्हणून बोर्डावरच आपोआप तुटणारा भाररोधक असावा, छोट्या काळ्या किंवा लाल बटणासारखा, दाबून पुन्हा चालू करता येतो तो. त्यावर छापलेला आकडा बोर्डाच्या मानांकनाएवढा असायला हवा. स्पाइक किंवा सर्ज रोखण्याची सोय म्हणजे हे नव्हे. ती विजेच्या क्षणिक उसळीपासून वाचवते, जास्त भारापासून नाही.

एका खोलीचे उदाहरण घेऊन हिशेब पूर्ण करता येईल. पुण्यात भाड्याची एक खोली, अभ्यासाच्या टेबलाशी भिंतीवर एकच एकत्र सॉकेट. टेबलावर चालणार आहेत लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर, ५० वॉटचा टेबलफॅन, १५०० वॉटची किटली आणि हजार वॉटची इस्त्री. लॅपटॉपचे प्लेटवरचे १.५ अँपिअर, मोबाइलच्या चार्जरचे अर्धा, पंख्याचे पाव. हे सगळे मिळून सव्वादोन अँपिअर होतात. किटलीचे ६.५ आणि इस्त्रीचे ४.३५ मिळवले तर बेरीज १३.१ वर जाते. ६ अँपिअरचा बोर्ड इथे सरळ बाद. १० अँपिअरचाही बाद, सगळे एकदम चालले तर. किटली आणि इस्त्री कधीच एकत्र लावायची नाही असे ठरवले, तर किटलीसह बाकीच्यांची बेरीज पावणेनऊ येते आणि १० अँपिअरचा बोर्ड कागदावर पुरतो. पण असे ठरवलेले वर्षभर पाळले जात नाही. सकाळच्या घाईत चहा आणि कपडे एकाच वेळी होतात. म्हणून या खोलीला १६ अँपिअरचा, मोठ्या प्लगचा, दीडच्या तीन तारी दोरीचा बोर्ड योग्य. पैसे वाचवायचे असतील तर दुसराही मार्ग आहे, आणि तो अधिक चांगला: ६ अँपिअरचा बोर्ड फक्त लॅपटॉप, चार्जर आणि पंख्यासाठी ठेवावा, किटली आणि इस्त्री थेट भिंतीतल्या दुसऱ्या पॉइंटला, एकेक करून लावाव्यात. तापणाऱ्या वस्तू बोर्डावर न लावणे हे कोणत्याही महागड्या बोर्डापेक्षा भरवशाचे.

दुसरा पॉइंट नसेल आणि भिंतीतला एकमेव सॉकेट छोट्या ६ अँपिअरचाच असेल, तर १६ अँपिअरचा बोर्ड आणूनही काही मिळणार नाही. त्याचा मोठा प्लग तिथे बसत नाही. अशा वेळी दुकानात मोठ्या प्लगला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा एक जोडतुकडा मिळतो. तो घेऊ नये. भिंतीतला सॉकेट आणि त्यामागची तार ६ अँपिअरचीच राहते, आणि प्लगचा आकार वेगळा ठेवण्यामागचा सारा हेतू तो जोडतुकडा मोडून काढतो. अशा खोलीत घरमालकाकडून नवा पॉवर पॉइंट ओढून घेणे हाच उपाय.

काही वस्तू कुठल्याच बोर्डावर लावू नयेत. गीझर २००० किंवा ३००० वॉटचा असतो आणि बराच वेळ सलग चालतो; ३००० वॉट म्हणजे १३ अँपिअर. एअर कंडिशनरही तसाच, शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना जुन्या प्रकारच्या यंत्रांत क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. फ्रिजची प्लेट एखादाच अँपिअर दाखवते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्याचाही कॉम्प्रेसर दिवसभर सुरू-बंद होत असतो आणि दर वेळी तो झटका बोर्डाच्या पट्ट्यांना सोसावा लागतो. फ्रिजला भिंतीतला स्वतंत्र पॉइंटच हवा.

योग्य बोर्ड घेतला तरी कालांतराने त्यात बिघाड होतो, आणि तो बहुधा तारेत न होता जोडात होतो. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांची पकड वारंवार प्लग घालून-काढून सैल पडते. पट्टी आणि पिन यांच्यात चांगला स्पर्श राहिला नाही की तेवढ्या चिमूटभर जागेत रोध वाढतो. तो समजा ०.१ ओहम झाला, आणि किटलीचे ६.५ अँपिअर त्यातून जाऊ लागले, तर एका पिनेच्या टोकाशी चार वॉटहून जास्त उष्णता साठते. दोरीच्या सहा मीटरवर पसरणारी तेवढीच उष्णता कळतही नाही. इथे ती एका टोकाशी असते. पितळ काळवंडते, काळवंडल्याने रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र स्वतःहून वाढत जाते. अशा वेळी प्लेटवरचे सगळे आकडे मर्यादेत असूनही प्लास्टिक तपकिरी पडते.

म्हणून जड वस्तू नव्या बोर्डावर पहिल्यांदा लावली की ती दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावी; किटलीसारखी लवकर बंद होणारी असेल तर लागोपाठ दोन-तीनदा चालवावी. मग वस्तू आणि भिंतीतले बटण बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या पिना नव्हे, तर प्लास्टिकचा भाग हाताने पाहावा. कोमट असणे चालेल. हात ठेववत नसेल इतका गरम असेल, पिनेच्या मुळाशी तपकिरी कडा दिसत असेल, मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, किंवा प्लग हलवल्यावर चरचर ऐकू येत असेल, तर तो सॉकेट बाद समजावा. हीच पाहणी दोरी बोर्डात शिरते त्या ठिकाणी आणि भिंतीतल्या सॉकेटजवळही करावी. बोर्ड थंड आणि भिंतीतला सॉकेट गरम असेल, तर दोष भिंतीत आहे. बोर्ड बदलून तो जाणार नाही; तिथे वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्यावा लागतो.